सर्वांत कमी दराची निविदा

निविदा उघडण्याच्या दिवशी कंत्राटदाराच्या तोंडावर दोन प्रकारचे भाव दिसतात. काम मिळाले नाही तो खिन्न होतो आणि मिळाले तो पेढे आणायला धाडतो. पेढे वाटणाऱ्याने थोडे थांबून विचार करावा, असे आम्ही म्हटले तर ते आपणांस विक्षिप्त वाटेल. पण चारचौघांनी पाहून, मोजून जे काम एका रकमेला परवडत नाही असे ठरवले, ते त्याहून कमी रकमेत आपल्याला परवडते, असे एकट्यालाच वाटले, हीच त्याच्या विजयाची बातमी असते. तो इतरांपेक्षा हुशार असेल. नाही तर त्याचा हिशेब चुकला असेल. यांतले कोणते खरे, हे निविदा भरण्यापूर्वीच पाहायचे असते.

उदाहरणच घेऊ. ते आम्ही समजुतीसाठी रचलेले आहे, पण बांधकामाच्या धंद्यातल्या मंडळींना ओळखीचे वाटेल. एका शाळेभोवती कुंपणाची भिंत बांधायची आहे. कंत्राट ठोक रकमेचे. म्हणजे ठरलेल्या रकमेत भिंत उभी करून द्यायची, खर्च कमी लागो की जास्त. जमिनीवरचे काम सर्वांना सारखेच दिसते. विटा, सिमेंट, गवंड्याची मजुरी यांचे भाव गावात सर्वांना ठाऊक असतात. त्या भागाचा खर्च ६ लाख रुपये, यावर कोणाचा फारसा वाद नाही. खरा प्रश्न जमिनीखालचा. वर काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया तिच्याखाली, कठीण मुरमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम किती खोल आहे हे मात्र कोणालाच दिसत नाही.

पाच कंत्राटदार येऊन जागा पाहून जातात. कोणाला वाटते मुरूम वरच लागेल, कोणाला वाटते खोल जावे लागेल. पायासह त्यांचे अंदाज असे निघतात: ९ लाख ३३ हजार, ९ लाख ६७ हजार, १० लाख, १० लाख ३३ हजार आणि १० लाख ६७ हजार. समजा खरा खर्च १० लाखच येणार आहे. म्हणजे पाचांचा मिळून अंदाज अगदी बरोबर आहे. सरासरी काढून पाहा. प्रत्येकाने आपल्या अंदाजावर ५ टक्के नफा चढवला आणि लखोटा दिला.

काम कोणाला मिळणार? पहिल्याला. त्याची रक्कम सुमारे ९ लाख ८० हजार. त्याला वाटते ४७ हजार सुटतील. प्रत्यक्षात २० हजार पदरचे जातात. येथे कोणीही लबाडी केलेली नाही, कोणी मुद्दाम दर पाडलेला नाही. पाचांच्या चुका आपापसांत कटून गेल्या. पण निविदेची रीत सरासरी निवडत नाही, ती टोक निवडते.

हा प्रकार प्रथम नीट मांडला तो तेलाच्या धंद्यातल्या लोकांनी. केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या अमेरिकन इंजिनियरांनी १९७१ साली लिहिले, की समुद्राखालच्या तेलाच्या पट्ट्यांचे लिलाव जिंकणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेप्रमाणे मिळकत होत नाही. तेथे सर्वांत जास्त बोली बोलणारा जिंकतो, म्हणून ज्याने तेलाचा अंदाज सर्वांत फुगवून केला त्याच्या गळ्यात पट्टा पडतो. आपल्याकडे उलट, खर्च सर्वांत कमी धरणाऱ्याच्या गळ्यात काम पडते. पुढे याला ‘विजेत्याचा शाप’ असे नाव पडले. आम्हाला ते जरा नाटकी वाटते, पण रूढ झाले आहे.

आता एक चमत्कारिक गोष्ट पाहा. स्पर्धक वाढले की दर उतरवायचा, ही आपली सवय. वरच्या उदाहरणात पाचांऐवजी नऊ जण आले आणि त्यांचे अंदाज ९ लाख २० हजारांपासून १० लाख ८० हजारांपर्यंत पसरले, तर ५ टक्के चढवूनही विजेत्याचा तोटा ३४ हजारांवर जातो. पाच जणांत खरोखरचे ५ टक्के सुटायचे तर आपल्या अंदाजावर साडेबारा टक्के चढवावे लागतात. नऊ जणांत सुमारे चौदा. गर्दी जितकी मोठी, तितका तिच्यातला सर्वांत खालचा आकडा खऱ्यापासून दूर. अर्थात हे जेथे खर्चच अनिश्चित आहे तेथले गणित. एखाद्याची स्वतःची खाण आहे म्हणून त्याला खडी स्वस्त पडते, तर त्याचा कमी दर ही चूक नव्हे. त्याला तो दर खरोखरच परवडतो.

म्हणून पहिले काम हे, की खर्चाचे दोन ढीग करावे: सर्वांना ठाऊक असलेला आणि कोणालाच ठाऊक नसलेला. चढ दुसऱ्या ढिगासाठी ठेवायची. त्याआधी कंत्राटाचा प्रकार वाचावा. खोदाई मोजून मोजमाप पुस्तकात चढवून ब्रासच्या दराने पैसे मिळणार असतील, तर मुरूम खोल लागल्याचा बराचसा भार काम देणाऱ्यावर जातो. ठोक रकमेत तो सगळा आपल्यावर येतो. तेथे चार मजूर लावून भिंतीच्या रेषेवर पाच खड्डे खणून पाहावे. त्याला काही हजार रुपये लागतील, आणि काम न मिळाल्यास ते गेलेच. पण खड्ड्यांत मुरूम खोल निघाला, तर ९ लाख ३३ हजारांचा अंदाज १० लाखांजवळ येतो आणि काम दुसऱ्याकडे जाते. २० हजारांचा तोटा दुसऱ्याकडे गेला, असेच ते समजावे.

“असा दर भरला तर काम मिळेलच कसे?” हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर जुन्या निविदांच्या नोंदींत सापडते. लॉरेन्स फ्रीडमन यांनी १९५६ साली सांगितलेली रीत साधी आहे. समजा, दुसऱ्या एका कामाचा चढ धरून दुरुस्त केलेला खर्च १० लाख आहे. मागल्या कामांत प्रतिस्पर्ध्यांनी काय भरले ते पाहून आपण असे ठरवले, की १० लाख २० हजारांना दहांत सहा वेळा काम मिळेल, १० लाख ६० हजारांना चार वेळा आणि ११ लाखांना दोन वेळा. मग दर कामामागे सरासरी मिळकत अनुक्रमे १२ हजार, २४ हजार आणि २० हजार. मधला दर बरा. दहांतली सहा कामे हातची जातात, हे मनाला बोचते खरे; पण सहा कामे घेणाऱ्याला त्याच्या निम्मेच मिळते. मात्र या हिशेबात कच्चा अंदाज घातला तर सगळे उत्तर बिघडते, कारण मिळणारी कामे नेमकी तीच असतात जेथे आपण खर्च कमी धरलेला असतो.

हातची माणसे आणि मिक्सर बसून राहतील म्हणून थोडा खालचा दर भरणे वेगळे. मिक्सरचा हप्ता काम असो वा नसो द्यायचाच असतो, तो या कामावर न धरणे समजू शकते. सिमेंट मात्र काम घेतल्यावरच लागते. त्याची किंमत सोडून देता येत नाही.

निकालानंतरही एक आकडा पाहावा. आपली रक्कम आणि दुसऱ्या क्रमांकाची रक्कम यांत अंतर किती? वरच्या उदाहरणात ते सुमारे ३५ हजार होते, हे चालण्यासारखे. ते दीड लाख असते, तर पेढे आणण्याऐवजी कागद पुन्हा काढावे लागले असते: एखादे पान बेरजेतून सुटले का, मीटर आणि फूट यांची गल्लत झाली का. चूक सापडली आणि काम सोडले तर बहुधा बयाणा रक्कम जप्त होते. काळ्या यादीत जाण्याचाही धोका असतो, म्हणून आधी निविदेच्या अटी वाचाव्या. पण बयाणा २० हजार आणि कामातला तोटा सव्वा लाख असेल, तर कोणते नुकसान लहान ते पायाची पहिली कुदळ मारण्यापूर्वीच मोजता येते.