छेद शून्य होतो तेव्हा: छिद्र कुठे, अनंतस्पर्शी कुठे

एका बहुपदीला दुसऱ्या बहुपदीने भागले की परिमेय फलन मिळते. बहुपदीत x च्या जागी कोणतीही संख्या ठेवली तरी काही ना काही किंमत येतेच. परिमेय फलनाचे मात्र तसे नाही. x ची जी किंमत छेदाला शून्य करते, तिथे फलनाला किंमतच नसते. आलेखावर हा अभाव दोन अगदी वेगळ्या प्रकारे दिसतो. एका प्रकारात वक्र त्या जागेजवळ जाताना वर किंवा खाली अमर्याद जातो आणि एका उभ्या रेषेच्या अधिकाधिक निकट येतो. या रेषेला उभी अनंतस्पर्शी म्हणतात. दुसऱ्या प्रकारात वक्र शांतपणे पुढे निघून जातो, फक्त त्यातला एक बिंदू गळालेला असतो. हे छिद्र. छेद दोन्हीकडे शून्यच असतो. म्हणून नुसत्या छेदाकडे पाहून यातला कोणता प्रकार आहे हे सांगता येत नाही.

पुढील फलन पाहावे:

f(x) = (x² − x − 6) / (x² − 5x + 6)

छेदाचे अवयव (x − 2)(x − 3) असे पडतात, म्हणजे छेद x = 2 आणि x = 3 या दोन ठिकाणी शून्य होतो. आता याच दोन किमती अंशात ठेवायच्या. x = 2 घेतल्यास अंश −4 येतो, x = 3 घेतल्यास मात्र अंशही 0 येतो. पहिल्या ठिकाणचा निर्णय इथेच लागला. अंश शून्याहून वेगळा आणि छेद शून्य असेल, तर तिथे उभी अनंतस्पर्शी असते, त्यासाठी आणखी काही तपासावे लागत नाही. दुसऱ्या ठिकाणी अंश आणि छेद दोन्ही शून्य आहेत. एवढ्यावरून छिद्र आहे असे म्हणण्याची घाई पुष्कळदा होते, पण ‘शून्य भागिले शून्य’ हा निर्णय नव्हे. तिथे अजून पाहायचे बाकी आहे, एवढेच त्यातून कळते.

पाहायचे कसे, ते अवयव सिद्धांत सांगतो. बहुपदी x = a ला शून्य होत असेल तर (x − a) हा तिचा अवयव असतोच. म्हणून x = 3 ला अंश आणि छेद दोन्ही शून्य होत असतील, तर (x − 3) हा दोघांचा सामाईक अवयव असणार. इथे अंश (x − 3)(x + 2) असा आहे. सामाईक अवयव काढून टाकला की उरते:

(x + 2) / (x − 2)

या संक्षिप्त रूपात x = 3 ठेवल्यास 5/1, म्हणजे 5 मिळतात. छेद आता शून्य होत नाही, म्हणून x = 3 ला छिद्र आहे आणि त्याची जागा (3, 5) आहे. x = 2 ला संक्षिप्त रूपाचा छेदही शून्यच राहतो, म्हणून x = 2 ही अनंतस्पर्शी.

हे आकड्यांत पाहिले म्हणजे फरक नजरेत भरतो. मूळ सूत्रात x = 1.9 घेतल्यास f(x) = −39 आणि x = 1.99 घेतल्यास −399 येते. पलीकडून x = 2.1 ला 41 आणि x = 2.01 ला 401. दोन्हीच्या जितके जवळ जावे तितकी किंमत भडकत जाते, आणि बाजू बदलली की चिन्हही बदलते. तीनजवळ असे काही घडत नाही: x = 2.99 ला किंमत सुमारे 5.04 आणि x = 3.01 ला सुमारे 4.96 येते. x = 2.99 ला मूळ अंश −0.0499 आणि छेद −0.0099 असतो. दोन्ही संख्या चिमुकल्या आहेत, पण त्यांचे एकमेकींशी प्रमाण पाचाच्या आसपास टिकून आहे. सामाईक अवयव काढून टाकणे याचा खरा अर्थ हाच. दोघांना एकाच वेगाने शून्याकडे नेणारा भाग बाजूला केला, की उरलेले प्रमाण स्वच्छ दिसते.

अवयव काढण्यामागचा हक्कही नीट समजून घ्यायला हवा. (x − 3) ला (x − 3) ने भागून १ मिळतो, तो x = 3 सोडून इतर सर्व ठिकाणी. x = 3 ला तो भागाकारच करता येत नाही. म्हणून मूळ f(x) आणि (x + 2)/(x − 2) ही दोन फलने तंतोतंत एक नव्हेत. पहिल्याला x = 3 ला किंमत नाही, दुसऱ्याला आहे. त्यामुळे संक्षिप्त रूप लिहिताना शेजारी ‘x ≠ 3’ ही अट लिहिणे आवश्यक असते. ती गाळली की छिद्र कागदावरून कायमचे नाहीसे होते आणि पुढे कोणालाही ते सापडत नाही.

या भेदाची चाहूल भारतीय गणितात फार पूर्वी लागलेली दिसते. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटले आहे. ‘ख’ म्हणजे शून्य. त्याच ठिकाणी ते सांगतात की राशीला शून्याने गुणले असेल आणि गणितात पुढे शून्याने भागायचे असेल, तर राशी आहे तशीच मानावी. त्यावरचे उदाहरण असे: एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, तिनाने गुणले आणि शून्याने भागले तर ६३ येतात, तर ती संख्या कोणती? उत्तर १४. शून्याच्या जागी अतिशय लहान संख्या h घेतली तर हे (14h + 7h) × 3 / h असे होते, म्हणजे 63h / h. h कितीही लहान असो, भागाकार ६३ च राहतो. आजच्या भाषेत h = 0 ला तिथे छिद्र आहे. खहर राशी मात्र अनंत मानलेली आहे, आणि अनंतस्पर्शीजवळचे वागणे तिच्याशी जुळते. शून्याला सरळ संख्येसारखे वागवणे आज मान्य होणार नाही. पण शून्याचा भाग वर आणि खाली दोन्हीकडे असणे वेगळे आणि फक्त खाली असणे वेगळे, हे त्या उदाहरणात स्पष्ट ओळखलेले आहे.

आता सर्वांत जास्त फसवणारी जागा. ‘अवयव निघून गेला की छिद्र’ हा नियम वर्गात सर्रास सांगितला जातो, आणि तो अपुरा आहे. पुढचे फलन घ्यावे:

g(x) = (x² − 4) / (x² − 4x + 4)

अंश (x − 2)(x + 2) आणि छेद (x − 2)². सामाईक (x − 2) काढला की पुन्हा (x + 2)/(x − 2) हेच रूप मिळते. अवयव तर निघून गेला, पण छेदात त्याची एक प्रत शिल्लक राहिली, म्हणून x = 2 ला छिद्र नाही, अनंतस्पर्शीच आहे. f आणि g यांचे संक्षिप्त रूप एकच असूनही आलेखांत फरक आहे: f च्या आलेखात (3, 5) ला छिद्र आहे, g च्या आलेखात छिद्र नाहीच. म्हणजे अवयव निघाला का, हा प्रश्न पुरेसा नाही. तो छेदातून पूर्ण निघाला का, हे विचारावे लागते. अंशातला त्याचा घातांक छेदातल्या घातांकाएवढा किंवा त्याहून मोठा असेल तर छिद्र, लहान असेल तर अनंतस्पर्शी. अंशातला घातांक मोठा असल्यास, उदाहरणार्थ (x − 2)² / (x − 2) मध्ये, छिद्र नेमके X-अक्षावर पडते.

छेदात उरलेल्या घातांकावरून अनंतस्पर्शीचे रूपही कळते. तो विषम असेल तर वक्र एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली जातो, जसे f मध्ये झाले. तो सम असेल तर दोन्ही बाजू एकाच दिशेला जातात. (x + 2)/(x − 2)² ची किंमत x = 1.9 ला 390 आणि x = 2.1 ला 410 येते, दोन्ही धन.

हिशेबात होणाऱ्या चुकांपैकी दोन विशेष जपण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे अवयवाऐवजी पद खोडणे: f(x) च्या वरचा आणि खालचा x² खोडून टाकणे. बेरजेतले पद असे काढता येत नाही. संपूर्ण अंशाला आणि संपूर्ण छेदाला गुणणारा भागच काढता येतो. दुसरी चूक चिन्हाची. (x² − 9)/(3 − x) मध्ये 3 − x म्हणजे −(x − 3). संक्षिप्त रूप −(x + 3) होते आणि छिद्र (3, −6) ला येते. ऋण चिन्ह सुटले तर छिद्र (3, 6) ला दाखवले जाते, आणि सरळ रेषेचा उतारही उलटा होतो.

बहुपदी मोठ्या असतील आणि अवयव सहज पडत नसतील, तरी मार्ग बंद होत नाही. दोन संख्यांचा मसावि काढण्याची युक्लिडची रीत बहुपदींनाही लागू पडते: मोठीला लहानीने भागायचे, बाकीने पुन्हा भागायचे, बाकी शून्य येईपर्यंत. f च्या अंशातून छेद एकदा वजा केला की 4x − 12, म्हणजे 4(x − 3) उरते. याने छेदाला भाग जातो, म्हणून मसावि (x − 3). एकही वर्गसमीकरण न सोडवता सामाईक अवयव हाती आला.

आलेख काढणाऱ्या संगणकावर मात्र या कामासाठी विसंबू नये. छिद्र हा एकच बिंदू. त्याला रुंदी नाही, म्हणून पडद्यावर रेषा बहुधा अखंडच दिसते. उलट, सुटे बिंदू काढून ते जोडणारे साधन x = 1.99 चा −399 आणि x = 2.01 चा 401 यांना रेघेने जोडते, आणि ती रेघ वक्राचाच भाग वाटते. त्याहून कठीण उदाहरण (x − 3.001)/(x − 3) चे. पडद्यावर हे y = 1 या आडव्या रेषेसारखे दिसते. x = 3.1 ला किंमत 0.99 आहे, x = 2.9 ला 1.01 आहे. पण x = 3 ला अंश −0.001 आहे, शून्य नाही. काहीच निघून जात नाही, आणि तिथे खरी अनंतस्पर्शी आहे. x = 3.0001 ला किंमत −9 होते, x = 3.00001 ला −99. याच कारणाने नियंत्रण अभियांत्रिकीत, यंत्रणेला अस्थिर करणारा छेदातला अवयव अंशात तसाच अवयव आणून काढून टाकण्याची वाट टाळली जाते: प्रत्यक्ष भागांची मापे दशांशाच्या सगळ्या स्थळांपर्यंत कधीच जुळत नाहीत, आणि जेमतेम न जुळलेला अवयव छेदात राहतोच.