निफ्टीच्या आलेखाखालचे दोन आकडे

३ जून २०२४ हा सोमवार होता. एक्झिट पोल शनिवारी संध्याकाळी येऊन गेले होते आणि निफ्टी सव्वातीन टक्क्यांनी उसळून २३,२६३.९० वर बंद झाला. मंगळवारी मतमोजणी सुरू झाली. निर्देशांक दिवसभरात २१,२८१.४५ पर्यंत कोसळला आणि जवळपास सहा टक्क्यांची घसरण घेऊन २१,८८४.५० वर थांबला. शुक्रवारी, ७ तारखेला, तो २३,२९०.१५ वर होता, म्हणजे सोमवारच्या बंद भावाच्याही वर. पाच सत्रांत बाजार वर, खाली आणि पुन्हा वर फिरून आला. नुसता आलेख पाहणाऱ्याला यात फक्त धक्के दिसतात. त्या धक्क्यांच्या मागे नवे सौदे उभे राहत होते की जुने सौदे मोडले जात होते, हे आलेख सांगत नाही. ते जाणून घेण्यासाठी फ्युचर्समधला ओपन इंटरेस्ट आणि ऑप्शन्समधला पुट-कॉल रेशो, म्हणजे बोलीभाषेतले ओआय आणि पीसीआर, भावाच्या शेजारी ठेवून वाचावे लागतात.

ओपन इंटरेस्ट म्हणजे उलाढाल नव्हे. उलाढाल दिवसभरात किती सौदे झाले ते मोजते, तर ओपन इंटरेस्ट दिवसअखेर किती सौदे उभे राहिले ते मोजतो. समजा, एकाने निफ्टी फ्युचरचा एक लॉट घेतला आणि दुसऱ्याने विकला, दोघेही बाजारात नवे. ओपन इंटरेस्ट एक झाला. घेणाऱ्याने दुपारी आपला लॉट तिसऱ्याला विकून टाकला, तर उलाढाल वाढते, पण ओपन इंटरेस्ट एकच राहतो, कारण मालक बदलला, सौदा मात्र तोच आहे. मग त्या तिसऱ्याने लॉट विकला आणि मूळ विकणाऱ्यानेच तो घेऊन आपली शॉर्ट बाजू मिटवली, तर ओपन इंटरेस्ट शून्यावर येतो. प्रत्येक उभ्या सौद्याला एक घेणारा आणि एक विकणारा असतोच. त्यामुळे ‘ओआय वाढला म्हणजे लोक तेजीत आले’ हे वाक्य अर्थहीन आहे. दिशा भावाकडून घ्यावी लागते.

भाव वर आणि ओपन इंटरेस्टही वर असेल, तर घाई घेणाऱ्यांना आहे आणि नवे सौदे उभे राहत आहेत. याला लाँग बिल्ड-अप म्हणतात. भाव खाली आणि ओपन इंटरेस्ट वर असेल तर शॉर्ट बिल्ड-अप. भाव वर पण ओपन इंटरेस्ट घटतोय, तर शॉर्टवाले पळ काढत आहेत, म्हणजे शॉर्ट कव्हरिंग. भाव खाली आणि ओपन इंटरेस्टही खाली असेल, तर लाँगवाले माल सोडत आहेत. फ्युचर्सचा स्पॉटवरचा प्रीमियम याला दुजोरा देतो. ओपन इंटरेस्ट वाढत असताना प्रीमियम आटत जाऊन डिस्काउंटमध्ये गेला, तर विकणारा आक्रमक आहे हे जवळपास नक्की.

या वाचनात सर्वाधिक फसगत होते ती एक्स्पायरीच्या आठवड्यात. मे २०२४ ची मालिका गुरुवारी, ३० मे रोजी संपली. अशा वेळी आदल्या तीन-चार दिवसांत चालू महिन्याचा ओपन इंटरेस्ट झपाट्याने घटतो आणि पुढच्या महिन्याचा तितक्याच झपाट्याने वाढतो, कारण लोक आपले सौदे पुढे ढकलत असतात. फक्त जून मालिकेकडे पाहणाऱ्याला वाटते की प्रचंड नवी खरेदी किंवा विक्री उभी राहिली. प्रत्यक्षात तो रोलओव्हर असतो. म्हणून तिन्ही मालिकांचा ओपन इंटरेस्ट बेरीज करूनच पाहावा. लॉटचा आकार बदलतो तेव्हाही असेच होते. निफ्टीचा लॉट एप्रिल २०२४ मध्ये ५० वरून २५ झाला आणि त्या वर्षाच्या अखेरीस नव्या नियमांमुळे ७५ झाला. करारांची संख्या मोजत राहिलात तर जुने आणि नवे आकडे एकमेकांशी बोलत नाहीत. करारसंख्येला लॉटने गुणून एकके काढावीत.

आता पीसीआर. एकूण पुटच्या ओपन इंटरेस्टला कॉलच्या ओपन इंटरेस्टने भागले की तो मिळतो. आपल्याकडे त्याचा प्रचलित अर्थ ऑप्शन विकणाऱ्याच्या बाजूने लावला जातो. विकणारा मोठा मार्जिन भरतो, तो जाणकार असणार, तेव्हा जिथे पुट खूप विकले गेले तिथे आधार आणि जिथे कॉल खूप विकले गेले तिथे अडथळा. या तर्काने पीसीआर १ च्या वर गेला की लोक तेजी म्हणतात. अमेरिकी बाजारात पुट-कॉलचे गुणोत्तर बहुधा उलाढालीवरून काढतात आणि घेणाऱ्याच्या बाजूने, तेही उलट्या अर्थाने वाचतात: पुट फार घेतले गेले तर भीती टोकाला पोचली, आता बाजार वळेल. एकाच आकड्याचे दोन विरुद्ध अर्थ लागतात, याचे कारण आकड्यात घाई कोणाला होती ते लिहिलेले नसते.

माझ्या मते पीसीआर हा अपूर्णांक आहे ही साधी गोष्ट विसरली जाते, आणि बहुतेक चुका तिथे होतात. एक मानलेले उदाहरण घेऊ. निफ्टी फ्युचर २४,००० वरून २४,२४० वर गेला, म्हणजे एक टक्का वाढला. आदल्या दिवशी पुट ९० लाख आणि कॉल १ कोटी एकके, म्हणजे पीसीआर ०.९०. आज पीसीआर १.२० झाला. पहिल्या शक्यतेत पुट तिथेच, ९० लाखांवर आहेत, पण कॉल ७५ लाखांवर आले आणि फ्युचर्सचा ओपन इंटरेस्ट १ कोटी २० लाखांवरून १ कोटी ११ लाखांवर घसरला. दुसऱ्या शक्यतेत कॉल १ कोटीवरच आहेत, पुट १ कोटी २० लाख झाले आणि फ्युचर्सचा ओपन इंटरेस्ट १ कोटी २८ लाखांवर चढला. भाव तोच, पीसीआरही तोच. पहिल्या शक्यतेत कॉल विकणारे आणि फ्युचर्समधले शॉर्टवाले दोघेही पळाले आहेत, नवा पैसा कुठेच लागलेला नाही. दुसऱ्या शक्यतेत फ्युचर्समध्ये नवे लाँग आहेत आणि खाली पुट विकायला लोक तयार आहेत. पहिली तेजी शॉर्टवाले संपले की दमते, दुसरीला पुढे जायला आधार आहे. पहिली तेजी लगेच संपेल असे मात्र नाही, कारण अडकलेले शॉर्ट मोठे असतील तर कव्हरिंग कित्येक दिवस चालते.

तिसरी शक्यताही आहे. पुट वाढले, पण भाव घसरतोय. हे पुट विकणाऱ्याच्या आग्रहाने वाढले की घेणाऱ्याच्या, हे प्रीमियमवरून कळते. ऑप्शन चेनमध्ये प्रत्येक स्ट्राइकसमोर इम्प्लाइड व्होलॅटिलिटीचा रकाना असतो. ओपन इंटरेस्टसोबत ती वाढत असेल तर घेणारा वाटेल ती किंमत देतोय, म्हणजे लोक विमा विकत घेत आहेत. ती घटत असेल तर विकणारा पुढे सरसावला आहे. हा एक रकाना तपासल्याशिवाय ‘अमुक स्ट्राइकवर पुटचा डोंगर आहे, तिथे आधार आहे’ असे म्हणू नये.

जून २०२४ कडे परत येऊ. एप्रिलच्या उत्तरार्धात १० ते १२ च्या आसपास असलेला इंडिया व्हीआयएक्स मेअखेर २४ च्या पलीकडे गेला होता. निकालाच्या जोखमीपोटी ऑप्शन महाग झाले होते. परदेशी संस्थांची इंडेक्स फ्युचर्समधली बाजू मे महिन्यात शॉर्टकडे झुकलेली होती. ती एनएसई रोज संध्याकाळी ग्राहक, प्रोप्रायटरी, देशी संस्था आणि परदेशी संस्था अशा वर्गवारीने जाहीर करते. या पार्श्वभूमीवर सोमवारची उसळी आली. बाजार वर उघडतो तेव्हा कॉल विकणारे मिटवतात, पुट विकणारे आपला माल वरच्या स्ट्राइकवर सरकवतात आणि पीसीआर आपोआप चढतो. म्हणजे पीसीआर बहुतेक वेळा भावाच्या मागून चालतो. भाव वाढला म्हणून तो वाढला असेल, तर त्यात नवी माहिती काहीच नाही.

मंगळवारी ‘आधार’ या शब्दाची किंमत कळली. समजा, सोमवारी कुणी ६ जूनच्या आठवड्याचा २३,००० चा पुट विकला. मंगळवारच्या बंद भावाला त्या पुटची नुसती अंतर्गत किंमत १,११५.५० अंक, म्हणजे २५ च्या लॉटला २७,८८७ रुपये ५० पैसे. दिवसाच्या तळाला ती १,७१८ अंकांच्या वर गेली होती. असा विक्रेता आपल्या स्ट्राइकचे रक्षण करत बसत नाही. तो पुट चढ्या भावाने परत घेतो, किंवा तोटा आवरायला फ्युचर विकतो, आणि त्या विक्रीने घसरणीला आणखी वेग येतो. पुटचा मोठा साठा संथ बाजारात आधार ठरतो. भाव तो साठा वेगाने भेदून गेला की त्याच साठ्यातून विक्री बाहेर पडते. हे घडताना दिसते ते असे: भाव स्ट्राइकखाली, त्या स्ट्राइकच्या पुटचा ओपन इंटरेस्ट घटतोय, प्रीमियम फुगतोय आणि फ्युचर्सचा ओपन इंटरेस्ट घसरत्या भावात वाढतोय. हे चारही एकत्र दिसले तर आधाराची भाषा सोडून द्यावी.

मग पीसीआर उपयोगी कधी? माझा अनुभव सांगतो की तो भावाशी फटकून वागतो तेव्हा. भाव नवा उच्चांक करतोय, फ्युचर्सचा ओपन इंटरेस्ट वाढतोय, पण पीसीआर जागचा हलत नाही, तर पुट विकणाऱ्यांना त्या उंचीवर विश्वास नाही. भाव घसरतोय, पण कॉल विकायला कोणी पुढे येत नाही आणि पीसीआर टिकून आहे, तर घसरण मंदीवाल्यांनाही पटलेली नाही. या विसंगती दोन-तीन सत्रे टिकल्या तरच मोलाच्या.

पीसीआरच्या ठरावीक पातळ्या, म्हणजे १.३ ला महाग आणि ०.७ ला स्वस्त, मी मानत नाही. एनएसईवर इंडेक्स फ्युचर्स जून २००० मध्ये आले, इंडेक्स ऑप्शन्स जून २००१ मध्ये. त्या काळात मासिक मालिका होत्या. निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाले आणि ओपन इंटरेस्टचा मोठा भाग दर आठवड्याला शून्य होऊ लागला. एक्स्पायरीच्या दुसऱ्या दिवशी पीसीआर उडी मारतो ती मतांतरामुळे नव्हे, जुने करार गळून पडल्यामुळे. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारऐवजी मंगळवारी आली आहे. त्यामुळे वारानुसार केलेल्या जुन्या नोंदीही नव्याने मांडाव्या लागतात. तुलना करायचीच तर एक्स्पायरीपासून तितकेच दिवस दूर असलेल्या मागच्या आठवड्यांशी करावी, आणि मासिक मालिकेचा पीसीआर वेगळा काढावा.

आणखी एक मर्यादा खोल आहे. बाजारभावापासून हजार अंक लांबचा, दोन रुपयांना मिळणारा पुट आणि बाजारभावालगतचा पुट पीसीआरमध्ये सारखेच मोजले जातात. पहिल्याचा डेल्टा ०.०२ असेल, दुसऱ्याचा ०.५०. जोखमीच्या हिशेबात दुसऱ्याला पहिल्याच्या पंचवीसपट वजन आहे. सेबीने मे २०२५ च्या परिपत्रकात ओपन इंटरेस्ट मोजण्यासाठी डेल्टावर आधारित पद्धत आणली, तीही याच कारणाने. घरी वही करणाऱ्याने निदान इतके करावे, की एकूण पीसीआर बाजूला ठेवून भावाच्या वरच्या आणि खालच्या पाच-पाच स्ट्राइकपुरताच तो काढावा, आणि त्याच ओळीत फ्युचरचा बंद भाव, तिन्ही मालिकांचा ओपन इंटरेस्ट, पुट आणि कॉल वेगवेगळे व इंडिया व्हीआयएक्स लिहावा. गुणोत्तर सगळ्यात शेवटच्या रकान्यात ठेवावे.