शिंगलिंग व मिनहॅश

संगणकाने महाजालावरून गोळा केलेल्या पानांतील जवळजवळ सारखी पाने ओळखण्याची पद्धती. ती आंद्रेई ब्रोडर यांनी १९९७ मध्ये मांडली. तीत मजकुराचे छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर चढलेले तुकडे पाडतात. उदा., ‘विटा हे सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे’ या नऊ शब्दांतून तीन-तीन शब्दांचे सात तुकडे होतात. ‘मुख्य’ऐवजी ‘प्रमुख’ लिहिल्यास त्यांपैकी तीन बदलतात. दोन्ही वाक्यांत मिळून निरनिराळे तुकडे दहा व समाईक चार, म्हणून साम्य ०·४ येते. पाचशे शब्दांच्या पानात हाच बदल केल्यास ते सु. ०·९९ राहते; त्यामुळे त्रोटक पानांबाबत ही कसोटी फसवी ठरते.

सर्वच तुकडे जपून ठेवणे परवडत नाही. म्हणून मिनहॅशमध्ये हॅश फलनाने प्रत्येक तुकड्याला एक संख्या देतात आणि पानातील लघुतम संख्याच ठेवतात. एकत्रित तुकड्यांपैकी कोणताही तुकडा सारख्याच संभाव्यतेने लघुतम ठरत असल्याने दोन पानांच्या लघुतम संख्या जुळण्याची संभाव्यता त्यांच्या साम्याइतकीच असते. अशी १०० फलने वापरल्यास वरील वाक्यांच्या सु. ४० संख्या जुळतात. पाचांचा फरक नेहमीचाच.

मराठीत ‘ऱ’ हे अक्षर एका संकेतांकाने किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांकांनी लिहिले जाते. ते आधी एकरूप न केल्यास डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसणारी पानेही भिन्न ठरतात.