गोळ्यांनी गर्भपात : दिवस मोजा, तास मोजा, पॅड मोजा

(गडब, ता. पेण येथे महिलांसाठी झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषय कळल्यावर मागच्या दोन रांगा जरा शांत झाल्या, ते मी पाहिलं. हरकत नाही. आज कुणालाही स्वतःबद्दल काही सांगायचं नाहीये. मी एका बाईची गोष्ट सांगणार आहे. ही बाई मी अनेक पेशंट मिळून तयार केली आहे, त्यामुळे गावात तिला शोधू नका. तिच्या गोष्टीत आपल्याला फक्त मोजायला शिकायचंय. पहिल्यांदा दिवस, मग तास, मग पॅड आणि शेवटी आठवडे.

आपली ही बाई तिशीची, दोन मुलांची आई. जुलै महिना, गणपतीच्या कारखान्यात रंगकाम जोरात. पाळी चुकली, १४ जुलैला घरी लघवीची तपासणी केली, दोन रेषा आल्या. ती म्हणाली, "मॅडम, फार तर पंधरा दिवस झाले असतील." पहिली चूक इथेच होते. गर्भाचे दिवस पाळी चुकल्यापासून मोजत नाहीत, संबंध आले त्या दिवसापासूनही नाही. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरतात. तिचा तो दिवस होता २ जून. म्हणजे १४ जुलैला ४२ दिवस, पूर्ण सहा आठवडे झाले होते. तिच्या हिशोबात दोन आठवडे, कायद्याच्या आणि औषधाच्या हिशोबात सहा.

हे एवढं महत्त्वाचं का? कारण आपल्याकडे गोळ्यांनी गर्भपात करायची मर्यादा नऊ आठवडे, म्हणजे ६३ दिवस आहे. २००३च्या नियमांत ती सात आठवडे होती, २०२१च्या नियमांत नऊ झाली. आपल्या बाईचे ६३ दिवस ४ ऑगस्टला भरणार होते. तारीख आठवत नसेल, पाळी अनियमित असेल, किंवा अंगावर दूध पाजताना पाळी न येताच दिवस गेले असतील, तर अंदाज करू नका, सोनोग्राफी करून घ्या. आणि नऊ आठवडे उलटले म्हणजे दार बंद झालं असंही नाही. कायद्यानं वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात होऊ शकतो. काही ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मतानं चोवीसपर्यंतही. फक्त तो घरी गोळ्या घेऊन नाही, मान्यताप्राप्त दवाखान्यात. दिवस भरून गेले म्हणून घाबरून मेडिकलमधून गोळ्या आणणं, हा सगळ्यात वाईट मार्ग.

१६ जुलैला ती डॉक्टरकडे गेली. तिथे तीन गोष्टी पाहिल्या. एक, दिवस किती. दोन, हिमोग्लोबिन किती, कारण रक्त जाणार आहे आणि आधीच रक्त फार कमी असेल तर घरी हे करायचं नाही. तीन, गर्भ पिशवीतच आहे ना. कधी कधी गर्भ नळीत रुजतो. या गोळ्या नळीतल्या गर्भावर चालत नाहीत. पण गोळ्या घेतल्यावर थोडं रक्त तरीही जातं, आणि बाई समजते की काम झालं. नळी मात्र आत फुगत राहते, एक दिवस फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो. जीव जाऊ शकतो. म्हणून मेडिकलच्या काउंटरवर जे कळत नाही, ते डॉक्टरच्या टेबलावर कळतं. तांबी बसवलेली असताना दिवस गेले असतील, दमा किंवा संधिवातासाठी बरेच महिने स्टिरॉइड चालू असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील, तर तेही आधी सांगायचं.

संमतीपत्रावर सही तिची एकटीची. अठरा पूर्ण असलेल्या बाईला नवऱ्याची किंवा सासूची सही कायद्यानं लागत नाही. अठराच्या आतली मुलगी असेल तर पालकाची लागते. तिचं नाव गुप्त ठेवणं हे डॉक्टरवर कायद्याचं बंधन आहे.

आता गोळ्या. पाकिटात पाच असतात. एक मिफेप्रिस्टोनची, २०० मिलिग्रॅमची. चार मिसोप्रोस्टॉलच्या, प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅमच्या. ही पाच एकदम घ्यायची नसतात, आणि रोज एक अशीही नाहीत. पिशवीचं आतलं अस्तर गर्भाला धरून ठेवतं ते प्रोजेस्टेरॉन नावाच्या हार्मोनच्या जोरावर. मिफेप्रिस्टोन त्या हार्मोनचं काम थांबवतं. अस्तर सुटायला लागतं, पिशवीचं तोंड मऊ होतं. याला वेळ लागतो. म्हणून २४ ते ४८ तास थांबून मग मिसोप्रोस्टॉलच्या चारही गोळ्या घ्यायच्या. त्या पिशवीला कळा आणतात आणि आतलं बाहेर ढकलतात. पहिली गोळी दार सैल करते, दुसऱ्या चार ते उघडतात.

पहिली गोळी आपल्या बाईनं १६ तारखेला सकाळी अकराला दवाखान्यातच घेतली. त्या दिवशी तिला काहीच झालं नाही, थोडी मळमळ. ती दुसऱ्या दिवशी कामावरही गेली. बऱ्याच जणींना इथे वाटतं की गोळी लागू पडली नाही. तसं नसतं. खरा दिवस पुढचा असतो.

आता तास मोजायचे. मिसोप्रोस्टॉल घेतल्यावर साधारण एक ते चार तासांत रक्त सुरू होतं, आणि बहुतेक जणींचं मुख्य काम चार ते सहा तासांत होतं. म्हणून मी गडबच्या बाईला सांगते, या गोळ्या रात्री घेऊ नका. पावसाळ्यातली रात्र, वीज गेलेली, पेणला जायचं तर वडखळ नाक्याचं ट्रॅफिक. तिनं १८ तारखेला सकाळी नऊला घेतल्या. जास्त रक्त जाणार ते उजेडात जाणार होतं, रिक्षा मिळणार होती, शेजारीण घरी होती. गोळ्या दोन्ही गालांत दोन-दोन ठेवून अर्धा तास विरघळू द्यायच्या, मग उरलेलं पाण्याबरोबर गिळायचं. काही डॉक्टर जिभेखाली किंवा योनीमार्गात ठेवायला सांगतात, आपल्याला सांगितलेली पद्धत पाळायची. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन चालतं. कळ असह्य होईपर्यंत थांबू नका, सुरुवातीलाच घ्या.

साडेअकराला तिला कळा सुरू झाल्या. हुडहुडी भरली, एकदा पातळ संडास झाली. हा मिसोप्रोस्टॉलचा परिणाम. त्या दिवशीचा ताप त्याच दिवशी उतरतो. मग पाळीपेक्षा जास्त रक्त आणि गाठी. दुपारी एक ते तीन या दोन तासांत तिचे मिळून दोन पॅड भरले. ती घाबरली, पण तिनं फोन केला आणि आम्ही मोजलं. तासाला एक. हे चालतं.

न चालणारं काय ते सांगते, हे लिहून घ्या. एका तासात दोन किंवा जास्त मोठे पॅड पूर्ण भिजले आणि सलग दोन तास तसंच चाललं, तर तिसऱ्या तासाची वाट पाहायची नाही. १०८ला फोन करायचा. कपडा वापरत असाल तर त्या दिवसापुरते पॅड आणा, कारण कपड्यावर मोजणं कठीण जातं. मोजता आलं नाही तरी चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, हातपाय गार पडणं, हीसुद्धा तीच खूण आहे.

दुसरी खूण उलटी. चार गोळ्या घेऊन २४ तास झाले आणि रक्तच नाही, किंवा नुसते डाग. मग गर्भ तसाच असेल किंवा नळीत असेल. परस्पर दुसरं पाकीट आणू नका. एका बाजूला सुरीसारखं दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, घेरी, हे तर थेट हॉस्पिटल.

तिसरी खूण ताप. गोळ्यांच्या २४ तासांनंतर १०० पॉइंट ४च्या वर ताप, घाण वासाचा स्राव, पोट दाबलं की दुखणं. हा आत जंतुसंसर्ग. पॅरासिटामॉल घेऊन झाकायचा नाही. आणि डॉक्टरला गोळ्या घेतल्याचं खरं सांगा. लपवलं की निदानाला उशीर होतो.

आपल्या बाईचं संध्याकाळपर्यंत रक्त कमी झालं. चौथ्या दिवशी पाळीसारखं, मग डाग. दहाव्या दिवशीही डाग होते, तेव्हा कारखान्यातली एक मावशी म्हणाली, "पिशवी धुवून घे, आत राहिलंय." बरेचदा दोन आठवडे थोडं थोडं जातं, काहींना पुढच्या पाळीपर्यंत डाग दिसतात. कमी होत जाणारं रक्त म्हणजे आत राहिलंय असं नाही. कमी होऊन पुन्हा वाढलेलं रक्त मात्र दाखवायचं.

३० जुलैला, पहिल्या गोळीपासून पंधराव्या दिवशी, ती तपासणीला आली. हा दिवस बरं वाटतंय म्हणून टाळायचा नसतो. फार थोड्या जणींमध्ये गर्भ वाढतच राहतो, आणि मिसोप्रोस्टॉलनं त्या गर्भात व्यंग येऊ शकतं, म्हणून तो तसा ठेवणं धोक्याचं. तिनं येण्याआधी घरी लघवीची तपासणी केली होती, रेषा दोनच! रडत आली. पण गर्भपात पूर्ण झाल्यावरही ते हार्मोन रक्तात चार आठवड्यांपर्यंत राहू शकतं. दोन आठवड्यांची दुसरी रेषा काहीच सिद्ध करत नाही. सोनोग्राफीत गर्भ नव्हता, अस्तर थोडं जाड होतं, थोड्या गाठी. ताप नाही, रक्त कमी. एवढ्यासाठी क्युरेटिंग करत नाहीत. तिचं केलं नाही. पुढची पाळी आली, सगळं साफ.

प्रश्न आला आहे, "मॅडम, यापुढे मूल होणार नाही का?" होतं, ताई. आणि लवकर होतं. पहिल्या गोळीनंतर आठ-दहा दिवसांतच बीज तयार होऊ शकतं, पाळी यायच्या आधी. म्हणून पंधराव्या दिवसापर्यंत न थांबता साधन आधीच ठरवायचं. गर्भनिरोधक गोळी मिसोप्रोस्टॉलच्याच दिवशी सुरू करता येते. तांबी गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री पटल्यावर बसवतात. आपल्या बाईनं ३० तारखेलाच बसवून घेतली.

अजून एक चिठ्ठी आहे, "मुलगी आहे म्हणून या गोळ्या घेतात का?" नऊ आठवड्यांत सोनोग्राफीवर मुलगा-मुलगी कळत नाही. तो गुन्हा वेगळा, त्याचा कायदा वेगळा. या दोन्हींची गल्लत झाली की गरजू बाई डॉक्टरकडे जायला घाबरते आणि दिवस वाया जातात. ६३ मधला प्रत्येक दिवस तिला लागणार असतो. घरी गेल्यावर कॅलेंडरवर आपल्या पाळीच्या पहिल्या तारखेभोवती गोल करा, दर महिन्याला.