लीड २४०, माणसं किती?

मॉड्युलर किचनचं एक दुकान समजा. महिन्याला ६०,००० रुपये जाहिरातींवर जातात, वर एजन्सीची फी २०,०००. महिना संपला की रिपोर्ट येतो: इन्स्टाग्रामवरून १५० लीड, गुगलवरून ९०, एकूण २४०, एका लीडला २५० रुपये पडले. शेजारी हिरवा बाण. त्याआधी रीच-इम्प्रेशनची रंगीत पानं असतात, ती खुशाल उलटावीत.

पहिला प्रश्न, हे २४० मोजले कुठे? वेबसाइटवरचे फॉर्म ज्या शीटमध्ये जमा होतात ती उघडली, तर ओळी २००च. मग ४० गेले कुठे? एखाद्या बाईंनी मंगळवारी इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीवर क्लिक केलं, शुक्रवारी गुगलवर शोधून तिथल्या जाहिरातीतून येऊन फॉर्म भरला. मेटा सहसा क्लिकनंतर ७ दिवसांपर्यंतचं श्रेय घेतं, गुगल ३० दिवसांपर्यंतचं. त्यामुळे एकच फॉर्म दोघांच्याही खात्यात जमा होतो. यात लबाडी असेलच असं नाही, पण ही बेरीज करायची नसते. फोनच्या बटणावर बोट पडलं तरी ‘कन्व्हर्जन’ धरलंय का, तेही याच वेळी विचारून घ्यावं.

मग गुगलच्या ९०कडे वळावं. लोकांनी नेमकं काय टाइप केलं, हे Search terms या अहवालात दिसतं. समजा, त्यातल्या ५० जणांनी दुकानाचंच नाव टाइप केलं होतं. त्यातले बरेचसे तसेही आलेच असते. नावावरची जाहिरात वायाच जाते असं नाही, प्रतिस्पर्धी तुमच्या नावावर बोली लावत असेल तर ती हवीच. पण तिथले क्लिक सहसा स्वस्त असतात आणि सरासरी छान दाखवतात. म्हणून नाव टाइप करून आलेले आणि ‘किचन ट्रॉली’ शोधत आलेले, दोघांचा खर्च वेगळा मागावा.

यापुढचं उत्तर एजन्सीकडे नसतं, ते दुकानाच्या वहीत असतं. २००पैकी फोन लागला १३० जणांना, शोरूमला आले २६, ऑर्डर दिल्या चौघांनी. फीसकट ८०,००० भागिले ४, म्हणजे एका ऑर्डरला २०,०००. अडीच लाखांच्या किचनवर ५०,००० सुटत असतील तर चालेल, २५,००० सुटत असतील तर फार काही उरत नाही. अर्थात किचनचा निर्णय लोक दोन-तीन महिने लांबवतात, त्यामुळे या महिन्याच्या लीडचा हिशोब याच महिन्यात मिटवू नये. आणि चौकशी आल्यावर दुकानातून दोन दिवसांनी फोन जात असेल, तर तो दोष एजन्सीच्या माथी मारता येणार नाही.

शेवटी एवढंच विचारावं, या महिन्यात तुम्ही बदललंत काय? गुगल अ‍ॅड्समध्ये Change history नावाचं पान असतं. बजेट, शब्द, जाहिरातीचा मजकूर, कशाला कधी हात लावला ते तारखेनिशी तिथे असतं. हे पान पाहायचं तर खातं दुकानाच्या मालकीचं हवं, निदान पाहण्यापुरता तरी प्रवेश हवा. तोच द्यायला कुरकुर झाली, तर पुढच्या महिन्याची फी देण्याआधी त्याचं कारण लेखी मागावं.