पगार थांबला तर किती, आणि कुठे?
(घरखर्चाचा हिशेब : लेखांक ६)

‘सहा पगार बाजूला ठेवा’ हा सल्ला ढोबळ आहे. पगार बंद झाल्यावर महिन्याला किती कमी पडेल, ते मोजायला हवं.

समजा, नोएडात भाड्याने राहणारं जोडपं आहे. तो सॉफ्टवेअर कंपनीत, ती शिक्षिका. त्याचे आईवडील साताऱ्यात. घरभाडं ३०,००० रुपये. शाळेची तिमाही फी ४५,०००, म्हणजे महिन्याला १५,०००. किराणा, दूध, कामवाली आणि वीज मिळून २४,०००. वीज धरताना मे-जूनमधलं एसीचं बिल विसरायचं नाही. गाडीचा हप्ता १०,०००, गावी ८,०००. कंपनीचा मेडिक्लेम सहसा नोकरीबरोबरच जातो, म्हणून स्वतःच्या आरोग्यविम्याचे ३,०००. एकूण ९०,०००. एसआयपी आणि मॉलमधली जेवणं यात नाहीत, ती थांबवता येतात.

तिचा पगार ४०,०००. म्हणजे त्याची नोकरी गेली तर तूट ५०,०००, सहा महिन्यांचे तीन लाख. साताऱ्याहून अचानक फोन आला तर आयत्या वेळचं विमानाचं तिकीट आणि हॉस्पिटलची अनामत, यासाठी आणखी एक लाख. झाले चार. ती कमावत नसती तर हाच आकडा ६ लाख ४० हजारांवर गेला असता. दोघं एकाच कंपनीत असतील तरी मी हाच मोठा आकडा धरेन; कपात आली तर दोघांवरही येऊ शकते.

आता ठेवायचे कुठे? सगळे एकाच बँकेत तरी नकोत. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. त्यांत दिल्लीतलेही होते. ठेवविमा आता पाच लाखांचा आहे, पण विम्याचे पैसे काही त्याच रात्री हातात पडत नाहीत.

चार लाखांपैकी पन्नास हजार बचत खात्यात, दीड लाख लिक्विड फंडात. फंडाचे पैसे साधारणपणे पुढच्या कामकाजाच्या दिवशी येतात. काही फंड लगेच देतात, पण दिवसाला कमाल ५०,०००. उरलेल्या दोन लाखांच्या, दुसऱ्या बँकेत, पन्नास-पन्नास हजारांच्या चार एफडी. गरजेपुरती एकच मोडायची, बाकीच्यांचं व्याज चालू राहतं.

घोळ होतो तो सह्यांचा. एफडी ‘दोघांपैकी कुणीही’ अशी असली, तरी मुदतीआधी मोडताना बँका सहसा दोघांच्याही सह्या मागतात. नवरा आयसीयूत असेल तर सही कोण करणार? म्हणून दोन एफडी फक्त तिच्या नावावर ठेवा. बाकीच्यांसाठी, एकाच्या सहीने मोडता येईल असा लेखी अधिकार बँक देते का, हे पावती करतानाच विचारून घ्या.