उपवासाची थाप

'गोलमाल' (1979) या चित्रपटात अमोल पालेकरांचा नायक एका हॉकी सामन्यासाठी आई आजारी असल्याची थाप मारतो. साहेब त्याला मैदानात पाहतात, मग तो बिनमिशीचा जुळा भाऊ उभा करतो आणि मग त्या भावाला सांभाळता सांभाळता त्याचा जीव मेटाकुटीला येतो. एका थापेतून गोंधळ वाढत जाणाऱ्या गोष्टीचं सगळं तंत्र यात आहे. नायक दुसरी थाप हौसेने मारत नाही, पहिली वाचवायला मारतो.

हे तंत्र घरच्या कार्यात कसं चालतं, ते एक गोष्ट रचूनच पाहू.

मावसबहिणीचं लग्न, गुरुवार, मुहूर्त 12 वाजून 17 मिनिटांचा. बंड्या वाटेत कार्यालयाच्या कोपऱ्यावर दोन मिसळ हाणून येतो. सुटे नसतात, म्हणून पैसे उधार ठेवतो. दारातच मावशी उपम्याची बशी पुढे करते. "पोट भरलंय" म्हटलं तर ती म्हणणार, माझ्या मुलीच्या लग्नात बाहेरून खाऊन आलास? म्हणून तो म्हणतो, "मावशी, आज उपवास आहे गं."

थाप अशीच हवी. मावशीला वाईट वाटू नये एवढाच तिच्यामागचा हेतू. बंड्या लबाड असता तर त्याची फजिती पाहताना आपल्याला मजा आली नसती, "बरं झालं" वाटलं असतं.

आता मावशी. ती संशय घेत नाही, काळजी घेते. "उपाशी कसा राहशील?" म्हणत ती मामाला स्कूटरवर खिचडी आणायला पिटाळते. थाप फुगते ती अशी, ऐकणाऱ्याच्या मायेने. तिथे एखादा खवचट माणूस असता, तर गोष्ट दारातच संपली असती.

तेवढ्यात नवऱ्या मुलाची आजी विचारते, "कसला रे उपवास, ऐन लग्नात?" बंड्या गडबडतो. "नवस आहे, आजी. लग्न निर्विघ्न पार पडावं म्हणून." आजीच्या कानात एकच शब्द अडकतो: विघ्न. ती सुनेला विचारते, सून नणंदेला, आणि पाच मिनिटांत वरपक्षाच्या खोलीत पोचतं की मुलीच्या पत्रिकेत कडक मंगळ आहे आणि तो लपवलाय. गुरुजींकडे पत्रिका मागितली जाते.

लग्नाचं कार्य या प्रकाराला इतकं सोयीचं का, ते इथे दिसतं. दोन घरं एकमेकांना अजून नीट ओळखत नाहीत, म्हणून एका शब्दावर संशय उभा राहतो. मुहूर्त ठरलेला, म्हणून खुलासा करायला सवड नाही. आणि नवरीला बोहल्यावर आणायचं मामाने. 12 वाजून 10 मिनिटं झाली, अंतरपाट धरलाय आणि मामा खिचडीच्या रांगेत! "मामासुद्धा पळाला," वरपक्षात कुजबुज होते.

बंड्याला खरं बोलायला केव्हाही मोकळीक होती. पण दारात खऱ्याची किंमत उपम्याची एक बशी होती. आजीपुढे ती मावशीचा रुसवा झाली. आता सगळ्या मांडवासमोर तोंड काळं करून घ्यायचं. प्रत्येक पायरीला खरं महाग होत गेलं, म्हणून तो गप्प राहिला. लिहिणाऱ्याने हा हिशेब चुकवला, की वाचक म्हणतो, "अरे, सांगून का नाही टाकत?" आणि गोष्ट तिथेच बसते.

शेवटही बाहेरून आणून चालत नाही. ऐनवेळी वीज गेली, कुणाला चक्कर आली, तर ती पळवाट. सोडवणूक पहिल्याच प्रसंगात पेरलेली हवी. आपण पेरलीय ती मिसळीची उधारी.

मामा घामाघूम होऊन येतो, हातात खिचडीचा पुडा. सगळ्यांसमोर ओरडतो, "बंड्या, कोपऱ्यावरच्या हॉटेलात तुझे दोन मिसळीचे पैसे मी भरलेत!"

क्षणभर सगळं शांत. मग आजीच आधी हसते. मिसळ खाल्ली म्हणजे उपवास नाही, उपवास नाही म्हणजे नवस नाही, आणि नवस नाही तर विघ्न कुठलं? ज्या क्रमाने गाठ बसली, त्याच्या उलट क्रमाने ती सुटते. मंगलाष्टकं सुरू होतात.

बंड्याचा हिशेब मात्र राहतो, आणि तो मावशी करते. जेवणाच्या पंगतीत सगळ्यांच्या पानात जिलबी पडते. बंड्याच्या पानाशी ती थबकते, वाढप्याला पुढे सरकवते आणि गार झालेल्या खिचडीचा पुडा सोडून म्हणते, "तुझा उपवास आहे ना रे?"